नित्यपूजेचा यजमान : दक्षिणा, दिवस आणि आमचे एक मागणे

कार्तिकी एकादशीच्या निमित्ताने पंढरपुरास गेलेली अनेक कुटुंबे परतताना एक संकल्प मनाशी बाळगून येतात. विठुरायाची एक दिवसाची पूजा आपल्या घराण्याच्या नावे व्हावी, हा तो संकल्प. कोणास आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव साधावयाचा असतो, कोणास नवस फेडावयाचा असतो. संकल्प सोपा, परंतु तो तडीस नेताना बहुतेकांची तारांबळ उडते. म्हणून ही व्यवस्था कशी चालते हे प्रथम सांगून मग तिच्याविषयीचे आमचे मत मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

पहाटे काकडा झाला की देवाची नित्यपूजा होते. पंचामृतस्नान, वस्त्रालंकार, नैवेद्य आणि आरती असा तिचा क्रम असतो. ही पूजा दिवसातून एकदाच होते आणि यजमान असो वा नसो, ती चुकत नाही. यजमान पैसे देतो म्हणून पूजा घडते, हा समज मनातून काढून टाकावा. दक्षिणा भरून आपणांस मिळतो तो आपल्या नावागोत्राचा संकल्प आणि त्या वेळी गाभाऱ्यात उपस्थित राहण्याचा मान.

पूर्वी यजमानाचा संबंध बडवे आणि उत्पात या परंपरागत सेवाधाऱ्यांशी येई. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने हे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. त्यावरील दीर्घ न्यायालयीन वादाचा शेवट 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने झाला आणि पूजेचा सर्व कारभार मंदिर समितीकडे आला. ऑक्टोबर 2024 पासून समितीने पूजांची नोंदणी संगणकाद्वारे घरबसल्या करण्याची सोय केली. त्या वेळी जाहीर झालेले दर असे होते : श्रीविठ्ठलाची नित्यपूजा 25,000 रुपये, रुक्मिणीमातेची नित्यपूजा 11,000 रुपये, पाद्यपूजा 5,000 रुपये आणि तुळशी अर्चन पूजा 2,100 रुपये. दरांत फेरबदल होऊ शकतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी समितीच्या vitthalrukminimandir.org या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्यावा.

नोंदणी वर्षभरासाठी एकदम खुली होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. 2024 चा पहिला टप्पा 7 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या दिवसांचा होता आणि नोंदणी 1 ऑक्टोबरला सुरू झाली होती. म्हणजे दिवस उजाडण्यापूर्वी हाताशी फारसा अवधी नसतो. नित्यपूजा रोज एकच असल्याने शनिवार, रविवार, एकादशी आणि सणांचे दिवस सर्वांआधी जातात. ज्या कुटुंबास ठरावीक दिवसच हवा आहे, त्याने टप्पा कधी जाहीर होतो याकडे आधीपासून लक्ष ठेवावे. ज्यास केवळ पूजा हवी आहे, त्याने आडवारचे तीन-चार दिवस मनाशी योजून ठेवावेत.

येथेच पुष्कळांची फसगत होते, ती तिथी आणि तारीख यांच्या घोळामुळे. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या आधी काही दिवस देवाचा पलंग काढतात. मग देव अहोरात्र दर्शनासाठी उभा असतो आणि प्रक्षाळपूजा होईपर्यंत नित्याचे राजोपचार थांबतात. या काळात यजमानांच्या पूजा मिळत नाहीत. हा काळ पंचांगाप्रमाणे सरकतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या घरात आजोबांचा जन्मदिवस 20 जुलै आहे. 2024 मध्ये आषाढी 17 जुलैला होती आणि पौर्णिमा 21 ला. त्यामुळे 20 जुलै यात्राकाळातच सापडला. 2025 मध्ये आषाढी 6 जुलैला होती; पौर्णिमा 10 ला उलटून यात्रा सरली होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आषाढी 25 जुलैला गेली आणि 20 जुलै पुन्हा यात्रेच्या तोंडाशी आला. एकच तारीख एका वर्षी साधते आणि दोन वर्षी हुकते. तेव्हा प्रथम पंचांग उघडावे, मग गाडीचे आरक्षण करावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पूजा पहाटेची असल्याने आदल्या रात्री पंढरपुरात मुक्कामास असणे भाग आहे. दुसरी गोष्ट सोयर-सुतकाची. नोंदणीनंतर घरात असा प्रसंग आला तर दिवस बदलून मिळतो की रक्कम परत मिळते, हे पैसे भरण्यापूर्वीच समितीच्या कार्यालयात विचारून घ्यावे. त्याचप्रमाणे मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम कधीही देऊ नये. समितीची पावती, तीवर यजमानाचे नाव, पूजेचा प्रकार आणि दिनांक, एवढे हाती असेल तरच नोंदणी झाली असे समजावे.

आता रकमेविषयी. 25,000 रुपये एका शेतकरी कुटुंबास सहज झेपणारे नाहीत. चार भावंडांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी 6,250 रुपये होतात. आमचे स्पष्ट मत असे की, यासाठी कोणीही ऋण काढू नये. आईच्या नावे 2,100 रुपयांचे तुळशी अर्चन करणाऱ्याचा संकल्प नित्यपूजेच्या संकल्पाहून तिळमात्र उणा ठरत नाही. तुळशीच्या माळेवर ज्या पंथाची ओळख उभी आहे, त्या पंथाच्या देवाला तुळशीहून प्रिय ते काय असणार?

परंतु भाविकास असा उपदेश करून समितीस मोकळे सोडणे आम्हांस उचित वाटत नाही. रोजच्या एकाच पूजेला मागणी अफाट आहे. म्हणून दर चढा ठेवणे व्यवहाराला धरून आहे आणि त्यातून मंदिराचा खर्च चालतो, हेही आम्ही मान्य करतो. तथापि ज्या गाभाऱ्यात जातीपातीची उतरंड मोडावी म्हणून साने गुरुजींनी 1947 मध्ये उपोषण केले, तेथे यजमानपदाचे दार केवळ पैशाने उघडावे, हे मनास पटत नाही. दर महिन्यातील एक नित्यपूजा सोडतीने, तुळशी अर्चनाच्या दराने, सामान्य कुटुंबास द्यावी, असे आमचे मागणे आहे. हिशेब पाहा. यात्रेचे व अन्य बंद दिवस वगळून वर्षात 300 दिवस यजमान मिळतात असे धरले, तर विठ्ठलाच्या नित्यपूजेचे 75 लाख रुपये होतात. बारा दिवसांचे 3 लाख, म्हणजे शंभरात चार रुपये. त्यातही अर्चनाच्या दराने 25,200 रुपये परत येतील.

ही कल्पना पंढरीस परकी नाही. आषाढीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांच्या शेजारी दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्यास मानाने बसविले जाते. त्यांना कोणी त्यांची ऐपत विचारीत नाही. ती रांगेत उभी होती, एवढेच पुरते. आषाढीला जो न्याय रांगेला मिळतो, तो महिन्यातून एकदा मिळावा, यात अशक्य असे काय आहे? नोंदणीचा पुढील टप्पा जाहीर करताना समितीने याचा विचार करावा.