दोन व्हीसीआर आणि मालेगावचा गब्बर

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या एम.ए. करते. परवा गुलमंडीत भेटली आणि हातातली फाईल उघडून दाखवू लागली. सेमिनार पेपरचा विषय 'सहभागी संस्कृती आणि चाहत्यांचे समुदाय', आणि उदाहरणं सगळी कोरियन बँड आणि हॅरी पॉटरची. मी म्हटलं, "बेटा, आपल्या बाजूचं काही नाही का?" ती म्हणाली, "सर, आपल्याकडे चाहते फक्त पोस्टरवर दूध ओततात. तयार कुठं काय करतात?"

तयार करतात. आपल्यापासून फार लांब नाही, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे गेलं की मालेगाव लागतं.

आधी तिच्या फाईलमधला सिद्धांत थोडक्यात सांगतो. अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांचं 'टेक्स्च्युअल पोचर्स' हे पुस्तक 1992 चं. चाहता म्हणजे पडद्यासमोर तोंड उघडं टाकून बसलेला माणूस, हा समज त्यांनी मोडला. चाहता दुसऱ्याच्या रानात शिरतो, हवं ते उचलतो आणि त्याचं स्वतःचं काहीतरी करतो, असं त्यांचं म्हणणं. 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांनी त्याच पात्रांच्या नव्या कथा लिहिल्या, छापल्या आणि जवळपास खर्चाच्याच किमतीला एकमेकांना दिल्या. काहींनी तर मालिकेतले तुकडे जोडून गाण्यावर बसवलेल्या व्हिडिओ फिती केल्या. त्यासाठी साधन एकच होतं, दोन व्हीसीआर.

हेच दोन व्हीसीआर मालेगावात नासिर शेख यांच्याकडेही होते.

नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. मालेगाव हे यंत्रमागाचं गाव. शुक्रवारी माग बंद, म्हणून सिनेमाचा दिवस शुक्रवार. आठवडाभर खटखट ऐकून थकलेला मागावरचा कामगार तिथं येऊन बसणार, आणि पडद्यावर लांबलचक इंग्रजी संवाद सुरू झाले की ओरडणार. मग मालक काय करतो? एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावतो, दुसऱ्यावर कोरी. हवा तो भाग आला की दुसऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू, कंटाळवाणा भाग आला की पॉज. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, साध्या घरगुती व्हीसीआरवर असा जोड मारला की तिथं चित्र क्षणभर थरथरतं, आणि नकलेची नक्कल केली की आधी रंग उतरतात. पण प्रेक्षकाला काय हवं आणि काय नको, याची अशी रोजची शिकवणी कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळत नाही. संकलन नासिर आधी शिकले, दिग्दर्शन नंतर.

पुढची गोष्ट रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मुळे (2025 च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत लागला) पुष्कळांना माहीत झाली आहे. त्यात दाखवलंय की अशा जोडफितींमुळे पायरसीचा छापा पडतो, आणि दुसऱ्याचा सिनेमा चालत नाही तर आपलाच काढू, असं नायक ठरवतो. प्रत्यक्षात 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' तयार झाला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास सांगतात. गब्बरची माणसं घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. लोक हसले ते या सायकलींना, आणि बाहेरच्यांनी त्याला 'गरिबांची नक्कल' म्हटलं. मला हे पटत नाही. घोडा परवडत नव्हता हे खरं, पण मालेगावात घोड्यावरून हिंडतं तरी कोण? 1975 चा 'शोले' ज्या रामगढमध्ये घडतो ते गाव नकाशावर नाही. नासिरचं गाव नकाशावर आहे.

भाषेचा शिक्षक म्हणून मला यातली बोली जास्त महत्त्वाची वाटते. मालेगावचे पुष्कळ विणकर उत्तर प्रदेशातून आले, 1857 नंतरचे लोंढे तर प्रसिद्धच आहेत. पूर्वेची ती उर्दू खान्देशच्या मराठीशी आणि अहिराणीशी घासून एक वेगळीच जबान झाली. ती आपल्या 'नक्को'वाल्या दखनीपेक्षाही निराळी. शाळेत आपण ती दुरुस्त करतो. मुंबईच्या सिनेमात ती आली तर नोकराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी. मालेगावच्या सिनेमात ती नायकाच्या तोंडी आली. माझ्या दृष्टीनं चाहत्यानं उचललेल्या मालात घातलेली सर्वांत मोठी भर हीच.

मात्र जेन्किन्सची चौकट इथं जशीच्या तशी बसत नाही, आणि पेपरमध्ये लिहिण्यासारखं खरं काही असेल तर ते इथंच आहे. अमेरिकेतल्या त्या चाहत्यांचा दंडक होता की यातून नफा कमवायचा नाही. आपसांत देवाणघेवाण करायची, म्हणजे मालिकेचे मालकही फारसे चिडत नाहीत. मालेगावात पहिल्या दिवसापासून तिकीट होतं. तिथला चाहता पडद्याचाही मालक होता. कॅमेरा भाड्यानं कुठंही मिळतो, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडेही असतो. पण केलेलं काम शंभर माणसांसमोर लावायची जागा हातात असणं ही दुर्मीळ गोष्ट. पुण्या-मुंबईच्या किती हौशी पोरांचे लघुपट याच एका कारणानं कपाटात पडून राहिले असतील.

फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट यासाठी जरूर पाहावा. त्यात क्रेनच्या जागी बैलगाडी आहे, कॅमेरा सरकवायला सायकल आहे. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावर काम करणारे. 2012 मध्ये हा माहितीपट आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ते हयात नव्हते, कर्करोगानं गेले होते. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

पुढे पार्लर गेली, सीडी आली, मग यूट्यूब. खान्देशी कॉमेडीचे 'छोटू दादा' आज घराघरांत पाहतात. वाट तीच, पण पडद्याची मालकी बदलली. पार्लरमध्ये लोक कुठं ओरडले ते मालक कानांनी ऐकायचा. आता आकडा दिसतो, आणि मागे कुणाच्या सिनेमातलं गाणं वाजलं तर 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा ते आपोआप ओळखते. जाहिरातीचे पैसे मग गाण्याच्या मालकाकडे वळू शकतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षा-टीकेसाठी सवलत आहे, विडंबनाचं स्वतंत्र नाव मात्र कुठं नाही. त्यामुळे 'मालेगाव के शोले'सारखं काम करणारा आजही मूळ मालकाच्या मर्जीवर असतो.

आता एक गोष्ट, जी आपल्या लोकांना ऐकायला आवडणार नाही. 'स्टार ट्रेक'च्या त्या कथा लिहिणाऱ्या आणि त्या व्हिडिओ फिती जोडणाऱ्या बहुतेक बायका होत्या. पात्रं तीच, पण मालिकेनं त्यांना जे दिलं नाही ते त्यांनी स्वतः लिहून घेतलं. मालेगावात तेच दोन व्हीसीआर पुरुषांच्या हातात होते, पार्लरच्या बाकांवर पुरुष होते, आणि नायिका बाहेरगावाहून आणावी लागायची. त्याच गावात मुलींच्या उर्दू शाळा आहेत, त्यांच्या वह्यांत शेर आणि अफसाने भरलेले असतात. म्हणजे लिहिणाऱ्या होत्या, पडदा नव्हता. ही बाजू नासिर-शफीकच्या कौतुकात दरवेळी वाहून जाते.

त्या मुलीला मी सांगितलंय, नासिरभाईंच्या मुलाखती भरपूर मिळतील, त्या वाच. पण मालेगावला जाशील तेव्हा त्या सिनेमांत काम केलेल्यांच्या बहिणींना भेट. सीडी घरात आली तेव्हा त्यांनी कुठला प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला, आणि कुठला बदलायचा होता, एवढं विचारून ये.