बंद झालेला कट आणि भुर्दंड मात्र चालकाच्या माथी

शहरात मेट्रोचे काम निघते, उड्डाणपुलाचे काम निघते, पावसाळी गटारे टाकली जातात. त्यासाठी वाहतूक वळवली जाते आणि दुभाजकातील कट सिमेंटचे अडथळे लावून बंद केले जातात. याला आमचा विरोध नाही. कामे झालीच पाहिजेत, आणि ती करणारे हातही कामगारांचेच आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. काल रात्री बंद झालेला कट आज सकाळी मोबाइलमधल्या नकाशावर उघडाच दिसतो. त्या नकाशावर अंतर, वेळ आणि भाडे ठरते, मग या चुकीची किंमत कोणी मोजायची? आज ती टॅक्सीचालक, रिक्षाचालक आणि घरोघरी माल पोहोचवणारा दुचाकीस्वार मोजतो आहे.

नकाशाला हा बदल का कळत नाही, हे आधी समजून घेऊ. संपूर्ण रस्ता बंद झाला तर त्यावरची वाहने थांबतात आणि नकाशा चालवणाऱ्या यंत्रणेला ते लवकर उमगते. कट बंद झाला तर रस्ता बंद होत नाही, सरळ जाणारी वाहने पूर्वीप्रमाणे धावतच राहतात. बंद होते ते फक्त एक वळण. त्यातच बॅरिकेडच्या फटीतून काही दुचाक्या निसटतात, आणि त्यांच्या मोबाइलमुळे ते वळण चालू असल्याचाच समज होऊ शकतो. दुसरे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खालील निर्बंध महिनाभराहून अधिक नसेल तर तो राजपत्रात प्रसिद्ध करण्याची गरज नाही, परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी पुरते. ही स्थानिक प्रसिद्धी म्हणजे पुष्कळदा वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी आणि खांबाला बांधलेला एक फलक. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचतेच असे नाही.

आता हिशेब मांडू. उदाहरणादाखल धरा, एका दुचाकीस्वाराला 3.2 किलोमीटरची ऑर्डर मिळाली. ग्राहकाचे घर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, कटासमोरच आहे. तो तिथे पोहोचतो तर कट बंद. पुढचा यू-टर्न 1.4 किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन 2.8 किलोमीटर जादा. शहरात ताशी 18 किलोमीटर वेग धरला तर साडेनऊ मिनिटांच्या आसपास वेळ गेला. गाडी लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर सव्वासहा रुपये जळाले. एका फेरीत हे क्षुल्लक वाटते. पण त्याच भागात दिवसाला अशा पाच फेऱ्या पडल्या, तर 26 दिवसांत 364 किलोमीटर जादा होतात, आठशेवर रुपयांचे पेट्रोल जाते आणि सुमारे वीस तास फुकट राबावे लागते. मोबदला आधीच ठरलेल्या अंतरावर मिळत असेल, तर हे वीस तास कोणाच्याच वहीत नोंदले जात नाहीत. वर उशिराची नोंद चालकाच्या नावावर चढते आणि ग्राहकाचे बोलणेही त्यालाच ऐकावे लागते.

याच ठिकाणी मोह होतो तो राँग साइडचा. मागच्या कटातून वळायचे आणि 300 मीटर उलट जायचे, की काम झाले. आमच्या बांधवांना आम्ही स्पष्ट सांगतो, हे करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या दिशेविरुद्ध वाहन चालवणे कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झालाच तर नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमचाच निष्काळजीपणा पुढे केला जाईल. साडेनऊ मिनिटे वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

मग करायचे काय? कट बंद दिसला की उजव्या लेनमध्ये गाडी थांबवू नका आणि मागे घेऊ नका. सरळ पुढे जा. पोलिसाचा हात आणि रस्त्यावरचा तात्पुरता फलक नकाशाच्या वरचे आहेत हे पक्के धरा. नकाशा पुन्हा पुन्हा त्याच बंद कटाकडे वळवू लागला, तर पुढे सुरक्षित जागी डावीकडे थांबा आणि पलीकडच्या बाजूवरचे, यू-टर्न ओलांडल्यानंतरचे एक ठिकाण `Add stop` मधून मधला थांबा म्हणून टाका. ते ठिकाण रस्त्याच्या योग्य बाजूला पडले आहे ना, हे नकाशा मोठा करून पाहा. नाहीतर तो पुन्हा त्याच कटातून नेईल. गाडीत पॅसेंजर असेल तर वळण हुकताच त्याला सांगा. माल पोहोचवायचा असेल तर थांबल्यावर ग्राहकाला फोन करा. बॅरिकेडचा वेळ आणि ठिकाण दिसेल असा एक फोटो घ्या आणि जादा अंतराची तक्रार त्याच दिवशी कंपनीकडे नोंदवा. चार दिवसांनी केलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही.

खरी बचत मात्र आधी कळण्यात आहे. वरच्याच उदाहरणात कट बंद असल्याचे त्या दुचाकीस्वाराला निघतानाच ठाऊक असते, तर अलीकडच्या सिग्नलला उजवीकडे वळून आतल्या रस्त्याने तो समजा 600 मीटर जादा जाऊन पोहोचला असता. 2.8 किलोमीटर आणि 600 मीटर यांतला फरक हा केवळ माहितीचा आहे. म्हणून प्रत्येक स्टँडवर, प्रत्येक गटात एक साधी नोंद ठेवावी: कोणता कट, कोणत्या बाजूने बंद, पुढचे वळण कुठे, पाहिल्याची तारीख आणि वेळ. तारीख नसलेली नोंद निरुपयोगी समजावी, कारण काही कट फक्त गर्दीच्या वेळी बंद असतात आणि काम संपल्यावर अडथळे गुपचूप उचललेही जातात.

पण ही झाली आमची आपसातली सोय. ती करतो म्हणून इतरांची जबाबदारी संपत नाही. आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, वाहतूक वळवण्याचा आदेश निघेल त्याच दिवशी तो चालक संघटनांना, नकाशा पुरवणाऱ्यांना आणि प्रवासी व माल वाहतुकीच्या अॅप कंपन्यांना ठिकाण व मुदतीसह कळवला जावा. दुसरी, बंद कटाच्या बराच अलीकडे, म्हणजे वळणाऱ्याने लेन बदलण्यापूर्वी, पुढच्या वळणाचे अंतर लिहिलेला फलक लावणे ठेकेदाराला भाग पाडावे. रस्त्यांच्या कामांसाठीच्या आय.आर.सी.च्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाच्या आधी सूचना क्षेत्र ठेवणे सांगितलेलेच आहे. तिसरी, आधी भाडे ठरवलेल्या फेरीत अशा कारणाने अंतर वाढले, तर प्रत्यक्ष चाललेल्या किलोमीटरचे पैसे द्यावेत आणि तो उशीर चालकाच्या नावावर लावू नये. गाडी कुठे आहे हे कंपनीला क्षणोक्षणी दिसते. मार्ग सोडला म्हणून ती जाब विचारू शकते, तर वाढलेले किलोमीटरही तिला मोजता येतात.

कट बंद करणारा वेगळा, नकाशा काढणारा वेगळा, भाडे ठरवणारा तिसराच. या तिघांच्या चुकीची भरपाई चौथ्याने आपल्या पेट्रोलमधून करावी, ही रीत आम्हाला मान्य नाही.