आधी बेरीज, मग स्ट्राइक रेट

जुन्या धावफलकाचा फोटो काढायचा, फोनला त्यातले आकडे उचलायला लावायचे आणि लगेच स्ट्राइक रेट काढायचे, ही घाई मला पटत नाही. फोटोत 7 चा 1 आणि 8 चा 3 सहज होतो. चुकीच्या आकड्यावरूनही स्ट्राइक रेट दोन दशांश स्थळांपर्यंत ऐटीत निघतो, आणि मग त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

25 जून 1983, लॉर्ड्स. भारत 54.4 षटकांत सर्वबाद 183. श्रीकांतच्या 38 धावा 57 चेंडूंत, म्हणजे स्ट्राइक रेट 66.67. फोनने 57 चे 51 वाचले तर तो 74.51 होतो, आणि श्रीकांतच्या बाबतीत तो खराही वाटतो! पण सगळ्या फलंदाजांचे चेंडू जुळवून पाहा. 54.4 षटकं म्हणजे 328 चेंडू. वाइड फलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत, नो बॉल धरतात. त्या डावात नो बॉल एकच होता, म्हणून बेरीज 329 यायला हवी. ती 323 आली, तर सहाचा फरक म्हणजे कुठेतरी 7 चा 1 झालाय, हे लगेच कळतं.

धावांची बेरीज 163 ऐवजी 152 आली तर संधूकडे बघा. त्याच्या नाबाद 11 पुढची चांदणी तशीच राहिली की तक्ता त्याला आकडा मानत नाही. ‘नाबाद’साठी वेगळा रकाना ठेवावा.

गोलंदाजीत खरी खोच षटकांची. होल्डिंगची 9.4 षटकं, 26 धावा. सरळ 9.4 ने भागलं तर 2.77 येतं, पण .4 म्हणजे चार चेंडू. एकूण 58 चेंडू, म्हणून इकॉनॉमी 2.69. षटकं B मध्ये आणि धावा D मध्ये असतील तर सूत्र असं:

```
=D2*6/(INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0))
```

गोलंदाजांनी दिलेल्या धावाही 163 च भरतात, आणि अवांतर 20 मिळवले की 183. आजच्या सामन्यात हा हिशेब असा जुळणार नाही. तेव्हा वाइड आणि नो बॉल गोलंदाजाच्या नावावर चढत नसत, आता चढतात. आता गोलंदाजांच्या धावांत फक्त बाय, लेग बाय आणि दंडाच्या धावा मिळवायच्या. त्यामुळे गार्नरची त्या दिवशीची 2.00 ही इकॉनॉमी आजच्या गोलंदाजाशेजारी मांडताना खाली तशी टीप हवी.

बेरजेलाही न सापडणारी एक चूक आहे. यशपालचे 32 आणि संदीप पाटीलचे 29 चेंडू फोटो तिरका आल्याने एकमेकांच्या ओळीत गेले, तर एकूण 329 च राहतात, पण पाटीलचा 93.10 चा स्ट्राइक रेट 84.38 वर येतो. त्यासाठी कागद सपाट ठेवून फोटो सरळ वरून काढा आणि एकाने मूळ पान वाचावं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवावं. एवढं झाल्याशिवाय सूत्राचा रकाना उघडूच नका.