फोनवरच्या डॉक्टरांचं बोलणं घरच्या भाषेत लिहा, पण गोळीची ओळ चिठ्ठीवरूनच उतरवा

मुरुड : करोनाच्या काळात, २०२० साली, ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. आता आरोग्य उपकेंद्रात बसूनही व्हिडिओवर डॉक्टर तपासतात. अलिबागची फेरी वाचते. पण घरी आल्यावर म्हातारी माणसं विचारतात, "डॉक्टर नेमकं काय बोलले रे?" म्हणून पोरं डॉक्टरांना विचारून बोलणं फोनवर रेकॉर्ड करतात आणि नंतर कागदावर उतरवतात. चूक होते ती इथंच.

आमच्या वाडीतल्या एका आजींचंच बघा. बीपी आणि साखर, दोन्ही आहे. रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर म्हणतात, "अ‍ॅम्लोडिपिन पाचची चालू ठेवा." मग पायाच्या सुजेचा विषय निघतो. या गोळीनं काहींच्या घोट्याला सूज येते. दोन मिनिटांनी डॉक्टर म्हणतात, "मग असं करू, अडीचची देतो." नातवानं पहिलं वाक्य ऐकून पाच लिहिलं. चिठ्ठीत मात्र २.५ होतं. घरात जुनी पाचची पाकिटं होतीच. आशाताईंनी कागद चिठ्ठीशी ताडून पाहिला म्हणून कळलं.

म्हणून लिहिताना दोन भाग करा. सल्ला आपल्या शब्दांत, थोडक्यात लिहिला तरी चालतो. "मीठ कमी खा" याऐवजी "सुकट, खारी मासळी, लोणचं कमी" असं लिहिलं तर आजींना पटकन कळतं. गोळीची ओळ मात्र रेकॉर्डिंग ऐकून लिहायची नाही, चिठ्ठीवरून अक्षर न् अक्षर उतरवायची. आजींचा कागद शेवटी असा झाला :

अ‍ॅम्लोडिपिन (AMLODIPINE) २.५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच. रोज सकाळी एक. आधी ५ होती, आता बदलली.

मेटफॉर्मिन (METFORMIN) ५०० मिलिग्रॅम. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.

इंग्रजी नाव चिठ्ठीत आहे तसंच ठेवा, कारण पाकिटावर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही असतं. ते जुळवून बघता येतं. २.५ मधला टिंब पुसला की २५ होतात, म्हणून आकड्यासोबत अक्षरातही लिहा. "बीपीची गोळी", "पांढरी गोळी" एवढंच लिहू नका. दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो.

लिहून झालं की रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका आणि कागदाशी ताडा. बोलणं आणि चिठ्ठी यांत फरक दिसला तर कुठलं खरं हे आपण ठरवायचं नाही. उपकेंद्रातल्या मॅडमना दोन्ही दाखवून डॉक्टरांना विचारायला लावा. पाचची गोळी अर्धी करून घ्यायची का, हेही त्यांनाच विचारा. तोवर जुनी पाकिटं वेगळी ठेवा.

चिठ्ठी मिळाली नसेल तर मागून घ्या. केंद्राच्या २५ मार्च २०२० च्या नियमांप्रमाणे फोनवरून औषध सांगणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायचीच असते. नुसत्या रेकॉर्डिंगवरून गोळी सुरू करू नका.