टोस्टची चार मिनिटं शब्दांत मोजा

परदेशात स्थायिक झालेल्या भाचीच्या किंवा पुतण्याच्या रिसेप्शनला हल्ली घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला टोस्ट करायला सांगतात. सूत्रसंचालक आधीच बजावून ठेवतो : चार मिनिटं. ती चार मिनिटं अंदाजाने बोलू नका. आधी स्वतःचा वेग मोजा, मग आराखडा करा आणि मगच वाक्यं लिहा.

वेग मोजणं सोपं आहे. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा. उभं राहून, मागच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू जाईल अशा आवाजात कुठलाही साधा मजकूर वाचा. गजर होईपर्यंत किती शब्द झाले ते मोजा आणि दोनाने भागा. बसून, पुटपुटत वाचलंत तर आकडा फुगतो, म्हणून उभं राहणं महत्त्वाचं.

इंग्रजी भाषणासाठी मिनिटाला साधारण १३० शब्द धरतात. मराठीला तो आकडा लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरच्यांसाठी’ हा मोजताना एक शब्द असला, तरी तोंडाला तो चांगलाच लांब पडतो. त्यामुळे सावकाश बोलताना मराठीत शब्द कमी भरतात. अर्धा टोस्ट इंग्रजीत करायचा असेल तर दोन्ही भाषांचे वेग वेगळे मोजा. प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगायचा मोह मात्र टाळा. चार मिनिटांत तो परवडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत भाचीचं रिसेप्शन आहे आणि पुण्याहून गेलेली मावशी बोलणार आहे. दोन मिनिटांत तिचे २२० शब्द झाले, म्हणजे वेग मिनिटाला ११०. चार मिनिटांचे ४४० शब्द होतात, पण तेवढे लिहायचे नाहीत. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, शेवटी ग्लास उचलतात, माइक हातात घेतानाही वेळ जातो. यासाठी चाळीस सेकंद बाजूला ठेवा. उरतात २०० सेकंद, म्हणजे सुमारे ३६५ शब्द.

हे शब्द सारखे वाटू नका. मी कोण आणि वधूशी माझं नातं काय, याला ४५ शब्द पुरे. भाचीचा एक किस्सा, त्याला १४५. जावई तिच्या आयुष्यात आल्यावर आम्हाला काय दिसलं, याला ८०. दोन्ही घरांसाठी आपुलकीचे ५५. आणि ग्लास उचलायला सांगण्यासाठी ४०. आभारांची यादी यात नाही. ती यजमानांची जबाबदारी आहे, आणि एकदा नावं घ्यायला लागलं की कुणीतरी राहून जातंच.

सगळा कस लागतो तो किश्शात. मावशीचा किस्सा असा : आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा भाची रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि भारत हरला असला की निकाल बदलून सांगायची. पहिल्या खर्ड्यात याचे २३० शब्द झाले, कारण सुरुवातीला दवाखाना, डॉक्टर, तेव्हाचं घर, ती कितवीत होती, सगळंच आलं होतं. हे सगळं गाळा. आजोबा, डोळ्यावरची पट्टी, खोटा निकाल आणि शेजारच्या काकांनी खरा स्कोअर सांगून टाकला तो क्षण, एवढंच ठेवा. किस्सा १४५ शब्दांत बसतो आणि हशाही नेमका शेवटच्या वाक्यावर येतो. पुढचा जावयाचा भागही इथूनच निघतो : जिच्याकडे सगळे धीरासाठी जायचे, तिला आता धीर देणारं कुणी आहे.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. एकट्याने वाचताना हशा-टाळ्या नसतात, म्हणून तीन मिनिटं वीस सेकंद लागले तर बरोबर. तीन पन्नास लागले तर ५५ शब्द जास्त आहेत. ते भरभर बोलून भरून काढू नका, कापाच. आधीच्या वक्त्यांनी वेळ खाल्ला तर काय सोडायचं तेही ठरवून ठेवा. दोन्ही घरांचा परिच्छेद पेन्सिलीने चौकटीत घ्या, तो गाळला तरी धागा तुटत नाही.

कार्डावर प्रत्येक भागाच्या शेवटी समासात संपायची वेळ लिहा. किस्सा संपताना हशा धरून दोन मिनिटं झाली असतील तर तुम्ही वेळेत आहात. शेवटच्या वाक्यात दोघांची नावं येऊ द्या आणि ती नावंच शेवटी ठेवा, म्हणजे ग्लास कधी उचलायचे हे सभागृहाला कळतं. तुम्हाला बोलावण्याआधी सगळ्यांचे ग्लास भरून घ्यायला सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो वेळ तुमच्या चार मिनिटांतून जातो.