दहा तारखेचा हप्ता, पंधरा तारखेचा भाव

२०२५ साली भगवान महावीर जन्मकल्याणक गुरुवारी, १० एप्रिल रोजी आले. शेअर बाजारालाही त्या दिवशी सुट्टी होती. नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एका एकत्र कुटुंबाची कल्पना करावी. दोघी जावांचा पाच-पाच हजारांचा एसआयपी एकाच योजनेत, निफ्टी निर्देशांकाच्या फंडात आहे. थोरलीचा हप्ता ५ तारखेचा, धाकटीचा १० तारखेचा. एप्रिलचे खातेउतारे आले, तेव्हा थोरलीच्या नावे २५.२६७ युनिट्स दिसली आणि धाकटीच्या नावे २४.००३. धाकटीच्या उताऱ्यावर तारीखही १० नव्हे, १५ एप्रिल होती. वितरक समाजातलेच, रोज स्थानकात भेटणारे. विचारावे तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखे होते; न विचारावे तर मनातली शंका जात नाही. अशा वेळी उतारा स्वतःच वाचता आला, तर पुष्कळ गोष्टी परस्पर उलगडतात.

आधी युनिट्सचा हिशेब पाहू. पाच हजारांतून प्रथम मुद्रांक शुल्क वजा होते. १ जुलै २०२० पासून ते ०.००५ टक्के, म्हणजे पाच हजारांवर २५ पैसे आहे. उरलेल्या ४,९९९.७५ रुपयांना त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, भागले की युनिट्सची संख्या मिळते. धाकटीच्या उताऱ्यावर भाव २०८.३० रुपये आहे आणि भागाकार २४.००३ येतो. थोरलीचा भाव १९७.८८ रुपये आहे आणि भागाकार २५.२६७ येतो. (हे भाव ९ एप्रिलचा भाव २०० रुपये धरून, निफ्टीच्या प्रत्यक्ष चढउतारावरून काढलेले आहेत.) दोन्ही हिशेब अचूक आहेत. फरक आहे तो भावाच्या दिवसाचा.

तो दिवस कसा ठरतो? ठरलेल्या तारखेला कामकाज नसेल, तर हप्ता पुढील कामकाजाच्या दिवसावर जातो. ५ एप्रिलला शनिवार होता, म्हणून थोरलीचा हप्ता सोमवारी, ७ तारखेला लागला. अमेरिकेच्या आयातकरांच्या धास्तीने त्याच दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक कोसळला होता. तिला स्वस्त भाव मिळाला तो केवळ योगायोगाने.

धाकटीच्या बाबतीत मात्र दोन कारणे एकत्र आली. १० तारखेच्या सुट्टीमुळे हप्ता शुक्रवारी, ११ तारखेला गेला. इथे एक नियम लक्षात घ्यावा लागतो, आणि बहुतेकांना तोच ठाऊक नसतो. १ फेब्रुवारी २०२१ पासून, रक्कम लहान असो वा मोठी, बँक खात्यातून पैसे कधी गेले याला महत्त्व उरलेले नाही. फंडाच्या खात्यात ते वापरण्याजोगे कधी जमा झाले, हे पाहिले जाते. इक्विटी योजनेत दुपारी तीनच्या आत पैसे पोहोचले, तर त्या दिवसाचा भाव मिळतो. उशीर झाला, तर पुढील कामकाजाच्या दिवसाचा. धाकटीचे पैसे शुक्रवारीच बँकेतून वजा झाले, परंतु फंडाकडे तीननंतर पोहोचले. पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारी १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. त्यामुळे मंगळवार, १५ तारीख उजाडली. दरम्यान बाजार दोन्ही व्यवहारदिवशी सुमारे दोन-दोन टक्क्यांनी चढला होता. शुक्रवारचा भाव, २०३.८३ रुपये, मिळाला असता तर २४.५२९ युनिट्स आली असती. म्हणजे तिला जवळपास अर्धे युनिट, सुमारे एकशे दहा रुपयांचे, कमी मिळाले. बाजार उतरता असता, तर याच विलंबाने तिला अधिक युनिट्स दिली असती. म्हणूनच शुभ तारीख शोधण्यापेक्षा घरात पैसे येण्याच्या लगोलगची तारीख धरणे बरे; निदान खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत जात नाही.

पडताळणीसाठी बँकेचे पासबुक आणि उतारा शेजारी ठेवावा. उताऱ्यावरील तारखेचा भाव ॲम्फीच्या संकेतस्थळावर, जुन्या एनएव्हीच्या यादीत सापडतो. मात्र एकाच योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर, तसेच ग्रोथ आणि लाभांशाचे पर्याय यांचे भाव निरनिराळे असतात. पुष्कळांची शंका चुकीची ओळ वाचल्यामुळेच उद्भवते. आपल्या उताऱ्यावरील योजनेचे पूर्ण नाव अक्षरशः जुळवून पाहावे.

भाव जुळतो, पण पैसे वजा झालेला दिवस आणि युनिट्सची तारीख यांमधील अंतर सुट्ट्यांनी आणि तीन वाजण्याच्या नियमाने उलगडत नाही, असेही क्वचित घडते. तेव्हा वितरकांना संकोचाने आडून विचारण्याऐवजी फंड कंपनीला किंवा तिच्या रजिस्ट्रारला, म्हणजे बहुधा कॅम्स वा केफिन यांना, फोलिओ क्रमांक देऊन लेखी एकच प्रश्न विचारावा: या हप्त्याची रक्कम योजनेच्या खात्यात कोणत्या दिवशी आणि किती वाजता जमा झाली? उत्तर समाधानकारक न मिळाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार संकेतस्थळावर तेच पत्र जोडता येते.