विश्लेषण : क्रिप्टो विकले आणि बँक खाते गोठले… ते मोकळे कसे होते?

क्रिप्टो चलन पीटूपी पद्धतीने, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला विकल्यानंतर काही दिवसांनी अचानक यूपीआय बंद पडते. एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँक सांगते, ‘सायबर पोलिसांच्या सूचनेवरून खाते गोठवले आहे.’ विक्रेत्याने तर कोणालाही फसवलेले नसते. मग हे घडते कसे आणि त्यातून बाहेर कसे पडायचे?

विक्रेत्याच्या खात्यापर्यंत तक्रार पोहोचते कशी?

समजा, पुण्यातील एकाने ५०० यूएसडीटी ९२ रुपये दराने विकले आणि त्याच्या खात्यात ४६ हजार रुपये आले. हे पैसे मुळात दुसऱ्या राज्यातील एका व्यक्तीकडून फसवून घेतलेल्या दोन लाखांपैकी होते. त्या व्यक्तीने १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या पोर्टलवर तक्रार केली. मग पैसा ज्या-ज्या खात्यांतून पुढे गेला, त्या सर्व बँकांना सूचना गेल्या. भामट्याने रुपयांचे क्रिप्टो करून पळ काढलेला असतो. साखळीत शेवटी सापडतो तो खरा पत्ता आणि केवायसी असलेला विक्रेता.

पूर्ण खाते गोठवले की फक्त रक्कम अडवली?

पहिला प्रश्न हाच. केवळ वादातील रक्कम अडवली असेल, तर उरलेले पैसे वापरता येतात. मात्र अनेकदा ४६ हजारांसाठी खात्यातील तीन लाखही अडकतात. बँकेकडून लेखी स्वरूपात चार गोष्टी मागाव्यात : तक्रारीचा पोचपावती क्रमांक, वादातील रक्कम, पोलीस ठाणे व तपास अधिकाऱ्याचा ईमेल, आणि कोणत्या कलमाखाली आदेश आला ते. तक्रारी एकाहून अधिक असतील तर प्रत्येकीचा तपशील हवा. एक निकाली निघाली तरी दुसरीमुळे खाते बंदच राहते. शाखा व्यवस्थापकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण पोलिसांच्या आदेशाने लागलेले कुलूप बँक स्वतःहून काढत नाही.

पोलिसांना काय दाखवायचे?

‘मी निर्दोष आहे’ एवढे पुरत नाही. आलेल्या पैशांच्या बदल्यात खरोखर क्रिप्टो दिले, हे दाखवावे लागते. त्यासाठी बँक उताऱ्यातील यूटीआर क्रमांक, प्लॅटफॉर्मवरील ऑर्डर क्रमांक, क्रिप्टो सोडल्याची वेळ, खरेदीदाराशी झालेले चॅट आणि ते क्रिप्टो मुळात कुठून घेतले याची नोंद जोडावी. प्राप्तिकर विवरणपत्रात या व्यवहारांचा उल्लेख असेल तर तोही द्यावा.

निर्णायक ठरते ते नाव. प्लॅटफॉर्मवर पडताळलेला खरेदीदार आणि पैसे पाठवणारा खातेदार एकच असेल, तर विक्रेत्याची बाजू भक्कम असते. पैसे तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यातून आले असतील, तर ते स्वीकारलेच का, हा प्रश्न येतो.

हे सर्व ईमेलने पाठवून दोन मागण्या कराव्यात : तपासानंतर ना हरकत पत्र द्यावे आणि तोपर्यंत गोठवणूक फक्त ४६ हजारांपुरती ठेवावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणांत गोठवणूक वादातील रकमेपुरती मर्यादित ठेवण्यास सांगितले होते. त्या निकालाचा दाखला देता येतो.

पोलिसांची नोटीस आली तर?

तिच्यातील कलम वाचावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ असेल तर कागदपत्रे मागितली आहेत, १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावले आहे. कलम ३५(३) असेल तर संशयित म्हणून पाहिले जात आहे. तेव्हा वकिलाशिवाय उत्तर देऊ नये. ‘पैसे भरा, खाते लगेच उघडतो’ असा फोन आल्यास कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे पाठवू नयेत. अधिकारी खरा आहे का, हे ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावरून तपासावे.

उत्तरच मिळाले नाही तर?

कलम १०६ खाली केलेली जप्ती पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. ते ठाणे ज्यांच्या हद्दीत येते, त्या दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली खाते मोकळे करण्याचा अर्ज करता येतो. आदेशच बेकायदा वाटत असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे.

मात्र खाते मोकळे होणे आणि ४६ हजार परत मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ती रक्कम फसवणूक झालेल्याची असल्याचे न्यायालयाला वाटले, तर ती त्याला परत दिली जाऊ शकते. तेव्हा विक्रेत्याचे क्रिप्टोही गेलेले असते आणि पैसेही. म्हणूनच पैसे पाठवणाऱ्याचे नाव जुळत नसेल, तर क्रिप्टो सोडण्यापूर्वीच थांबून ऑर्डरवर प्लॅटफॉर्मकडे तक्रार नोंदवावी. क्रिप्टो एकदा सोडले की ते परत आणण्याचा मार्ग विक्रेत्याच्या हाती उरत नाही.